पाच गुणांचे अडतीस शब्द

दहावीच्या मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला बसवले की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, दोन गुणांना किती ओळी?" आणि पाठोपाठ, "पाच गुणांना पान भरायचं ना?" घरी पालकांचा हिशेबही असाच असतो. गुणाला दोन ओळी, म्हणजे दोनाला चार आणि पाचाला दहा. हा हिशेब मुलांच्या डोक्यात इतका पक्का असतो की उत्तर चौथ्या शब्दाला संपले तरी ती चार ओळी भरून काढतात.

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. चौथ्या प्रश्नात एक अपठित उतारा असतो. त्यावर प्रत्येकी दोन गुणांच्या पाच कृती विचारतात. त्यात साधी माहिती शोधणे, थोडा विचार करून माहिती शोधणे, शब्दसंग्रह आणि व्याकरण असते, आणि शेवटी स्वमत. त्यानंतर त्याच उताऱ्याचा सारांश लिहून त्याला शीर्षक द्यायचे असते. त्याला पाच गुण. एकाच उताऱ्यावर दोनाचे आणि पाचाचे उत्तर लिहायचे असल्याने दोन्हींतला फरक इथे स्वच्छ दिसतो. मराठीच्या कृतिपत्रिकेतही अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश विचारतात, फक्त तिथे पत्राला पर्याय म्हणून आणि सहा गुणांना.

आता एक उतारा घेऊ. वाचायला सोपे जावे म्हणून तो मराठीत आणि जरा छोटा ठेवला आहे.

"कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण डोंगरउतारावरून पाणी चटकन समुद्राला मिळते. त्यामुळे जूनमध्ये दुथडी वाहणारे ओढे मार्चपर्यंत कोरडे पडतात. यावरचा एक स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा संपल्यावर, ओढ्याचे पाणी अजून वाहते आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती आणि वाळू भरून त्या प्रवाहाला आडव्या रचतात. फटी मातीने लिंपतात. खर्च नाममात्र असतो, कारण गोण्या टाकाऊ असतात आणि काम श्रमदानाने होते. बंधाऱ्यामागे साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींची पातळी टिकून राहते. शेतकरी त्यावर भाजीपाला किंवा कडधान्य घेऊ शकतात, गुरांनाही पाणी मिळते. मात्र हा बंधारा कायमचा नसतो. पुढच्या पावसाच्या पहिल्या लोंढ्यात तो वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. गोण्या तशाच राहिल्या तर त्यांचे प्लॅस्टिक ओढ्यात पसरते. म्हणून पावसाआधी त्या काढून घेणे हेही गावाचे काम ठरते."

दोन गुणांचा प्रश्न : वनराई बंधारा स्वस्त का पडतो?

उत्तर : त्यासाठी लागणाऱ्या गोण्या टाकाऊ असतात आणि बांधण्याचे काम श्रमदानाने होते.

संपले. दीड ओळ झाली, आणि यात पैकीच्या पैकी गुण आहेत. प्रश्नाला दोन गुण आहेत, कारण उताऱ्यात कारणे दोन आहेत. तपासणारा ओळी मोजत नाही, तो मुद्द्यांवर टिक करतो. पण बरीच मुले काय करतात? "स्वस्त" हा शब्द उताऱ्यात जिथे दिसतो तिथून उतरवायला सुरुवात करतात. यावरचा एक स्वस्त उपाय, पावसाळा संपल्यावर, सिमेंटच्या गोण्या, फटी लिंपतात... चार ओळी भरल्या की "झाले दोन गुणांचे" म्हणून थांबतात. खरे उत्तर त्याच्या पुढच्या वाक्यात असते. त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि मुद्दा एकही लिहिला नाही. यावर मूल घरी जाऊन सांगते की, "एवढं लिहिलं तरी शून्य दिलं."

कधी प्रश्नाला कारण एकच असते आणि गुण मात्र दोन. "हा बंधारा दरवर्षी का बांधावा लागतो?" असे विचारले तर "वाहून जातो म्हणून" एवढ्यावर एकच गुण मिळण्याची शक्यता जास्त. अशा वेळी दुसरा गुण कारणाच्या मागच्या किंवा पुढच्या कडीत असतो. बंधारा मातीच्या गोण्यांचा, तात्पुरता असतो, आणि पहिल्याच लोंढ्यात वाहून जातो. दोन कड्या जोडल्या की दोन गुण होतात. उत्तर लिहून झाल्यावर मुलाने स्वतःला एवढेच विचारावे, "यात वेगवेगळ्या दोन गोष्टी आल्या का?" एकच गोष्ट दोनदा लिहिली असेल, तर ती दोन गोष्टी होत नाही.

आकृती पूर्ण करा, चौकटी भरा अशी कृती असेल तर वाक्ये लिहूच नयेत. चार चौकटी असतील तर प्रत्येकीला अर्धा गुण. एखादा शब्द किंवा शब्दसमूह लिहिला की काम झाले.

दोन गुणांतले स्वमत हे थोडे वेगळे प्रकरण आहे. "तुमच्या परिसरात पाणी वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?" इथे उत्तर उताऱ्यात नसते, त्यामुळे मुलांचा लगाम सुटतो. पाणी म्हणजे जीवन, पाण्याशिवाय सजीव जगू शकत नाहीत, अशी पहिली तीन वाक्ये प्रश्नाला हातही न लावता निघून जातात. खरे तर इथेही एक सांगणे आणि एक त्याचे कारण, एवढेच पुरते. उदाहरणार्थ : "आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी पाइपने विहिरीत सोडावे, असे मी सोसायटीला सुचवेन. सध्या ते गटारात जाते आणि मेमध्ये आम्हाला टँकर मागवावा लागतो. विहिरीला पाणी राहिले तर टँकरचा खर्च वाचेल." तीन वाक्ये झाली. पहिल्यात मत आहे, उरलेल्या दोनांत त्याचा आधार. हे उत्तर दीडपट लांब केले तरी गुण दोनच राहतात, आणि वाढवलेला वेळ सारांशातून कापला जातो.

आता पाच गुणांकडे येऊ. सारांश मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश हवा. आपला उतारा ११४ शब्दांचा आहे, म्हणजे सारांश ३८ शब्दांचा. हातच्या अक्षरात जेमतेम पाच ओळी. परीक्षेतला उतारा याहून मोठा असतो. तो दीडशे शब्दांचा धरला तरी सारांश पन्नासाच्या आसपासच राहतो. वरच्या तीन वाक्यांच्या स्वमताहून तो फार लांब नाही, तरी त्याला अडीचपट गुण आहेत. कारण इथे गुण लिहिण्याला नसून निवडण्याला आहेत.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे उताऱ्याच्या सुरुवातीपासून उतरवत जायचे आणि शब्द भरले की थांबायचे. आपल्या उताऱ्याचे पहिले ३८ शब्द मोजून पाहा. आपण "गोण्यांत माती आणि" इथपर्यंत पोहोचतो. वाळूसुद्धा आलेली नसते! बंधाऱ्याचा फायदा नाही, मर्यादा नाही, गोण्या काढून घेण्याचा विषय तर दूरच. असा सारांश ओळखायला सोपा असतो. तो उताऱ्याच्या पहिल्या शब्दाने सुरू होतो आणि शेवटच्या वाक्यातले त्यात काहीच नसते.

मी वर्गात आधी पेन खाली ठेवायला सांगते आणि पेन्सिल उचलायला लावते. उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हे काढले तर बाकीचे कोसळते का? "फटी मातीने लिंपतात" काढा, काही बिघडत नाही. जून आणि मार्च काढा, "उन्हाळ्यात" म्हटले की भागते. भाजीपाला आणि कडधान्य या दोहोंऐवजी "पिके" हा एक शब्द पुरतो. पण "हा बंधारा कायमचा नसतो" काढले, तर शेवटच्या तीन वाक्यांना बूडच राहत नाही. म्हणजे तो मुद्दा ठेवायचा. अशी गाळणी झाली की इथे चार गोष्टी उरतात. अडचण काय, उपाय कसा करतात, त्याचा उपयोग काय आणि त्याची मर्यादा काय. या चारांतली एकही राहिली तर सारांश लंगडा, मग तो कितीही सुवाच्य अक्षरात असो.

शीर्षक : गोण्यांनी अडवलेले पाणी

कोकणातले पावसाचे पाणी समुद्रात वाहून गेल्याने उन्हाळ्यात ओढे आटतात. पावसाळ्यानंतर टाकाऊ गोण्यांत माती-वाळू भरून श्रमदानाने वनराई बंधारा घातला, तर विहिरींना, पिकांना आणि गुरांना पाणी मिळते. तो पावसात वाहून जात असल्याने दरवर्षी बांधावा लागतो आणि गोण्या वेळीच काढाव्या लागतात.

शीर्षक सोडून हे ३८ शब्द होतात. मूळची बारा वाक्ये तीनांत आली. यातले "आटतात" आणि "माती-वाळू भरून श्रमदानाने बंधारा घातला" ही जोडणी मुलाची स्वतःची आहे, उताऱ्यातून उचललेली नाही. नेमका आकडा गाठण्याचा हट्ट मात्र धरू नये. ३५ झाले काय नि ४२ झाले काय, फरक पडत नाही. साठ-सत्तर झाले तर कुठेतरी गाळायचे राहिले आहे असे समजावे. सारांशात स्वतःचे मतही घालू नये. "असे बंधारे प्रत्येक गावाने बांधले पाहिजेत" हे वाक्य चांगले असले तरी उताऱ्यात ते कुठेच नाही. त्याची जागा स्वमतात.

शीर्षकाबाबत एवढेच की "पाणी" किंवा "पाण्याचे महत्त्व" हे कुठल्याही उताऱ्याला चालेल, म्हणून ते या उताऱ्याचे शीर्षक होत नाही. सारांश लिहून झाल्यावर, शेवटी शीर्षक सुचवावे. तोवर उतारा कशाबद्दल आहे हे नक्की कळलेले असते. त्यासाठी वर एक ओळ मोकळी सोडायला मात्र विसरू नये.

आता वेळेचा हिशेब. ऐंशी गुणांना तीन तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटे. दोन गुणांच्या कृतीला साडेचार आणि पाच गुणांना अकरा मिनिटे मिळतात. अडतीस-पन्नास शब्द लिहायला चार-पाच मिनिटे पुष्कळ होतात. उरलेली सहा मिनिटे पेन्सिलीने गाळण्यासाठी आहेत, आणि नेमकी तीच मुले वापरत नाहीत. पालकांनो, घरी सराव घेताना पानभर लिहायला सांगू नका. वर्तमानपत्रातली दीडशे शब्दांची बातमी द्या आणि त्यातली कोणती वाक्ये गाळली व का, एवढेच मुलाला तोंडी विचारा.