उसाच्या रसाचा पोल आणि तिसरी काच

बीदर जिल्ह्यातल्या हुलसूर, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की बोलण्यात दोन शब्द हटकून येतात: ब्रिक्स आणि पोल. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला एकूण ऐवज. त्यात साखर किती, हे ठरवायला पोल लागतो, आणि उताऱ्याचा सगळा हिशोब पुढे त्याच्यावर चालतो. भालकी तालुक्यात हुणजीला महात्मा गांधी सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्यांच्या प्रयोगशाळेत पोल मोजणारं यंत्र म्हणजे पोलॅरिमीटर. पोल हे नावही त्या मोजणीतूनच आलेलं आहे. या यंत्राचं मर्म एका कोड्यात आहे: दोन काचांनी पूर्ण अडवलेला प्रकाश तिसरी काच मध्ये सरकवली की पुन्हा दिसायला लागतो.

आधी हे कोडं सोडवू. दिव्याच्या प्रकाशाची कंपनं त्याच्या वाटेला आडवी, पण सगळ्या दिशांनी होत असतात. पोलरायझर म्हणजे त्यातली एकच दिशा पुढे जाऊ देणारी पट्टी किंवा स्फटिक. समजा दिव्याचा प्रकाश 400 एकक आहे आणि पट्टी अगदी आदर्श आहे. पहिल्या पट्टीतून निम्मा, म्हणजे 200 एकक बाहेर पडेल, आणि तो एकाच दिशेने कंप पावणारा असेल. दुसरी पट्टी पहिलीशी काटकोनात धरली की त्यातलं काहीच पुढे जाणार नाही. समोर अंधार.

आता या दोघींच्या मधोमध तिसरी पट्टी 45 अंशांवर तिरकी घालायची. अडवणाऱ्या काचा दोनाच्या तीन झाल्या, तरी पलीकडे 50 एकक प्रकाश येतो.

याचं कारण असं की पोलरायझर ही नुसती चाळणी नव्हे. गाडीच्या दोराला तिरकं ओढलं तर ओढीचा काही भागच रस्त्याच्या दिशेने कामी येतो, आणि गाडी रस्त्यानेच जाते. पट्टीचंही तसंच आहे. आलेल्या कंपनाचा स्वतःच्या दिशेतला भाग ती पुढे पाठवते आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाला स्वतःची दिशा देते. जुनी दिशा तिथेच संपते. कंपनाचा हा भाग कोनाच्या कोसाइनइतका असतो. प्रकाशाची तीव्रता मात्र कंपनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तिच्यासाठी कोसाइनचा वर्ग घ्यायचा. हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-लुई माल्यूस याच्या नावाने ओळखला जातो. 1808 साली पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेलं ऊन त्याने एका स्फटिकातून पाहिलं आणि स्फटिक फिरवल्यावर ते कमीजास्त होताना त्याला दिसलं.

45 अंशांचा कोसाइन-वर्ग बरोबर अर्धा. म्हणून 200 चे मधल्या पट्टीत 100 होतात. तिथून शेवटची पट्टीही 45 अंशांवरच आहे, म्हणून 100 चे 50. मधली पट्टी पहिलीपासून 30 अंशांवर ठेवली तर 200 चे 150 होतील, पण पुढचा कोन 60 अंशांचा असल्यामुळे शेवटी साडेसदतीसच उरतील. मधली पट्टी पूर्ण एक फेरा फिरवली तर चार वेळा अंधार आणि चार वेळा उजेड दिसतो. तीच पट्टी दोघींच्या बाहेर, पुढे किंवा मागे धरली तर काहीच घडत नाही, कारण काटकोनातल्या दोघी तेव्हा एकमेकींच्या लगत असतात.

पोलॅरिमीटरमध्ये मधल्या जागी रसाची नळी असते. साखरेचे रेणू प्रकाशाच्या कंपनाची दिशा उजवीकडे फिरवतात. 100 मिलिलिटर द्रावणात 26 ग्रॅम शुद्ध साखर, 20 सेंटिमीटरची नळी आणि सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश असेल तर ही दिशा साधारण 34.6 अंश फिरते. 17 टक्के पोल असलेल्या 100 मिलिलिटर रसात सुमारे 18.4 ग्रॅम साखर असते, तेव्हा तो रस साडेचोवीस अंश फिरवेल. काटकोनातल्या काचांमध्ये ही नळी ठेवताच अंधार जातो. शेवटची काच, म्हणजे विश्लेषक, तेवढीच फिरवली की पुन्हा अंधार होतो आणि फिरवलेला कोन तबकडीवर वाचता येतो. नळी जागच्या जागी गोल फिरवली तर मात्र काहीही बदलत नाही. तिरक्या पट्टीत आणि साखरेच्या द्रावणात हा नेमका फरक आहे.

खरी अडचण अंधार ओळखण्याची. विश्लेषक काटकोनापासून अर्धा अंश चुकला तर त्यातून दहा लाखात जेमतेम 76 भाग प्रकाश येतो. डोळ्याला तो अंधारच वाटतो. पण साडेचोवीस अंशांत अर्ध्या अंशाची चूक म्हणजे 17 चा पोल 17.35 वाचला जाणं.

प्राग इथल्या फर्डिनंड लिपिख याने एकोणिसाव्या शतकात यावर काढलेला तोडगा फार देखणा आहे. त्याने खरोखरच तिसरा पोलरायझर आणला, पण दृश्याच्या अर्ध्याच भागावर, आणि पहिल्यापासून काही अंश तिरका. समजा हा कोन 6 अंश आहे. आता विश्लेषक काटकोनाच्या 3 अंश पुढे ठेवला तर तो दोन्ही अर्ध्यांच्या अंधारापासून सारखाच, 3 अंश दूर राहतो. दोन्ही अर्धे सारखेच मंद दिसतात आणि मधली रेघ पुसली जाते. तिथून विश्लेषक अर्धा अंश जरी हलला तरी एक अर्धा साडेतीन अंशांवर जातो, दुसरा अडीचवर, आणि कोसाइन-वर्गाच्या हिशोबाने एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट उजळ होतो. एक दशांश अंशाच्या चुकीलाही सुमारे 14 टक्के फरक पडतो. अंधार किती गडद आहे हे डोळ्याला सांगता येत नाही, पण शेजारी ठेवलेल्या दोन उजेडांतला फरक तो चटकन पकडतो.

नवशिक्या इथे एक चूक करतो. अर्धे सारखे दिसण्याची आणखी एक जागा असते. ती यापासून 90 अंशांवर येते आणि तिथे सगळं दृश्य झगझगीत असतं. डोळ्याला ती सोयीची वाटते, पण तिथे अर्ध्या अंशाच्या चुकीने दोन अर्ध्यांत फक्त 0.2 टक्के फरक पडतो. तेव्हा वाचन मंद जागीच घ्यायचं.

रस गढूळ असेल तर प्रकाश विखुरतो, दोन्ही अर्धे धुरकट होतात आणि जुळणी फसते. म्हणून रस आधी निवळून, गाळून घेतात. त्यासाठी शिशाचा क्षार वापरण्याची पद्धत जुनी आहे.

यंत्र मात्र फक्त फिरलेला कोन सांगतं. तो कशामुळे फिरला, हे त्याला कळत नाही. तोडलेला ऊस गाडीत दिवसेंदिवस पडून राहिला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. यातला फ्रुक्टोज दिशा डावीकडे, तेही जोराने फिरवतो. त्यामुळे पोल घटतो, आणि तो फुटलेल्या साखरेपेक्षाही जास्त घटलेला दिसतो. त्याच शिळ्या उसात जिवाणूंनी डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार केला असेल तर गोष्ट उलटते, कारण डेक्स्ट्रान साखरेच्या सुमारे तिप्पट उजवीकडे फिरवतो. तेव्हा नळीत साखर कमी असूनही तबकडीवरचा आकडा चांगला दिसतो, आणि दोन्ही अर्धे अगदी बिनचूक जुळलेले असतात.