महिन्याला तीन टक्क्यांचा हिशेब

‘दहा लाख रुपये भांडवल, महिन्याला तीस हजार घरबसल्या.’ ऑप्शन विकून नियमित उत्पन्न मिळवण्याच्या जाहिराती साधारण याच आकड्याभोवती फिरतात. सोबत सलग दहा-अकरा महिने नफा दाखवणारा तक्ता असतो. तो खोटा असेलच असे नाही. बारावा महिना कसा गेला, हे मात्र त्यात सहसा नसते. निवृत्तीची रक्कम हाताशी असलेल्या माणसाने तो महिना समजून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

पुट ऑप्शन विकणारा विमा कंपनीच्या जागी बसतो. निफ्टी ठरलेल्या पातळीच्या, म्हणजे स्ट्राइकच्या, खाली गेला तर तो खरेदीदाराला फरक भरून देतो आणि या हमीबद्दल त्याला आधीच प्रीमियम मिळतो. बाजार बहुतेक वेळा तेवढा पडत नाही. त्यामुळे बहुतेक महिने सगळा प्रीमियम खिशात राहतो. पण जमा झालेला प्रत्येक हप्ता म्हणजे नफा, असे कोणतीही विमा कंपनी मानत नाही. त्यातला बराचसा भाग कधीतरी येणाऱ्या दाव्यांसाठी असतो. जाहिरातीत नेमका हाच भाग उत्पन्न म्हणून दाखवला जातो.

4 जून 2024, लोकसभा निकालाचा दिवस घेऊ. आदल्या दिवशी, मतदानोत्तर चाचण्यांच्या उत्साहात निफ्टी 23,264 च्या आसपास बंद झाला होता. समजा, त्या दिवशी बाजार बंद होता होता एकाने गुरुवारी, 6 जूनला संपणारा 22,000 चा पुट विकला. स्ट्राइक बाजाराच्या पाच टक्क्यांहून अधिक खाली, म्हणजे वरवर पाहता सुरक्षित. उदाहरणापुरता प्रीमियम 40 रुपये आणि एका लॉटला 80 हजार रुपये मार्जिन धरू. तेव्हा निफ्टीचा लॉट 25 चा होता. दहा लाखांत बारा लॉट बसतात, म्हणजे 300 ऑप्शन. तीन दिवसांत 12 हजार रुपयांची कमाई, भांडवलावर 1.2 टक्के.

दुसऱ्या दिवशी निफ्टी 21,281 पर्यंत कोसळला. त्या क्षणी 22,000 च्या पुटची किंमत किमान 719 रुपये होते. प्रत्यक्षात ती त्याहून जास्तच असणार, कारण घबराट वाढली की प्रीमियम फुगतो. बाजारातली अस्थिरता मोजणारा इंडिया व्हिक्स त्या दिवशी 31 च्या वर गेला होता. किमान किंमत धरली तरी 40 ला विकलेली वस्तू 719 ला परत घ्यायची, म्हणजे 679 गुणिले 300, दोन लाखांहून अधिक तोटा. पाचवा हिस्सा भांडवल गेले. तो भरून काढायला असे सतरा आठवडे बिनचूक जायला हवेत.

सर्वांत शिकण्यासारखा भाग यापुढचा आहे. निफ्टी त्या दिवशी 21,884 वर बंद झाला आणि गुरुवारी 22,800 च्या वर. म्हणजे 22,000 चा तोच पुट शेवटी शून्यावर संपला. शेवटपर्यंत टिकलेल्याला पूर्ण 12 हजार मिळाले. पण बारा लॉट विकून सगळे मार्जिन वापरलेला माणूस टिकत नाही. तोटा वाढतो तसे मार्जिनही वाढीव लागते, खात्यात ते नसते आणि ब्रोकर सर्वांत वाईट भावाला सौदा कापून टाकतो. सौदा एकच, पण एकाचे दोन लाख गेले आणि दुसऱ्याला 12 हजार मिळाले. जाहिरातीत फक्त दुसऱ्याचा स्क्रीनशॉट येतो. ‘धीर धरा, बाजार परत येतो,’ हा चुकीचा धडाही तिथूनच पसरतो.

बाजार दर वेळी मुदतीच्या आत परत येत नाही. 12 मार्च 2020 हा साप्ताहिक एक्स्पायरीचा गुरुवार होता. आदल्या दिवशी 10,458 वर असलेला निफ्टी त्या दिवशी 8.3 टक्के पडून 9,590 वर बंद झाला. चार टक्क्यांहून अधिक खालचा 10,000 चा पुट विकलेल्याला प्रत्येक ऑप्शनमागे 410 रुपये मोजावे लागले. धीर धरायला दुसरा दिवस उरलाच नव्हता.

मग वास्तव अपेक्षा किती ठेवायची? यासाठी अमेरिकेतल्या सीबीओई एक्स्चेंजचा पुट-राइट निर्देशांक उपयोगी पडतो. एस अँड पी 500 चा पुट दर महिन्याला विकायचा आणि पूर्ण रक्कम सरकारी रोख्यांत राखीव ठेवायची, अशी त्याची पद्धत आहे. 2006 ते 2018 या काळात त्यात वर्षाला भांडवलाच्या सुमारे 22 टक्के प्रीमियम जमा होत होता, महिन्याला पावणेदोन टक्क्यांहून अधिक. पण 1986 ते 2018 या दीर्घ काळात हाती राहिलेला परतावा, रोख्यांवरचे व्याज धरूनही, वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होता. 2008 मध्ये तर हा निर्देशांक पाव हिश्श्याहून अधिक घसरला. जमा झालेल्या प्रीमियमचा मोठा भाग दाव्यांत जातो, तो असा.

आपल्याकडेही गणित याच जातीचे आहे. अकरा महिने तीन टक्के आणि एका महिन्यात उणे तीस धरले, तर साधी बेरीज वर्षाला तीन टक्के भरते. बारापैकी अकरा महिने नफ्याचे, आणि तरीही मुदत ठेवीपेक्षा कमी. माझ्या मते, एकूण भांडवलावर, वाईट वर्षे धरून, महिन्याला सरासरी अर्धा ते एक टक्का सुटला तर विकणाऱ्याने तो उत्तम निकाल मानावा, आणि तोही शिस्तीने काम करणाऱ्याला. शिवाय ही सरासरी आहे. ती दर महिन्याच्या पगारासारखी हाती पडत नाही. घरखर्च तिच्यावर टाकला, की वाईट महिन्यानंतर लॉट वाढवून भरपाई करण्याचा मोह होतो.

म्हणून मार्जिनमध्ये किती लॉट बसतात हा प्रश्न बाजूला ठेवावा. उद्या बाजार दहा टक्के खाली उघडला तर आपले किती जातील, हे आधी विचारावे. वरच्या उदाहरणात निफ्टी 20,938 वर आला असता, तर एका लॉटला किमान साडेपंचवीस हजारांचा तोटा होता. दहा लाखांपैकी एक लाखाच्या वर गमवायचे नसेल, तर बाराऐवजी तीनच लॉट विकता येतात. कमाई 12 हजारांवरून 3 हजारांवर येते. तीही निवडणुकीच्या आठवड्यात, प्रीमियम चढे असताना. साध्या आठवड्यात एवढ्या दूरच्या पुटला अगदीच किरकोळ पैसे मिळतात. खालचा पुट विकत घेऊन तोट्याला मर्यादा घालता येते, पण त्याची किंमत कमाईतून जाते. मार्जिन कमी लागते म्हणून लॉट वाढवले, तर जोखीम होती तिथेच येते.

कोणी नियमित उत्पन्नाचा तक्ता दाखवला, तर तीन गोष्टी मागाव्यात. टक्केवारी मार्जिनवर काढली आहे की एकूण भांडवलावर? सर्वांत वाईट महिना कोणता आणि त्यात किती गेले? आणि मार्च 2020 व जून 2024 या दोन्ही महिन्यांचे खाते दाखवता येईल का? सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. त्यात खरेदी करणारे आणि विकणारे दोन्ही आले. त्यामुळे शांत महिन्यांचाच तक्ता पुढे करून कोणी दर महिन्याचे आश्वासन देत असेल, तर त्या आश्वासनावर पैसे लावू नयेत.