सर्किट सोडवताना, लेखांक ७ : न्यूट्रल तुटला, आता पद्धत कोणती?

मागच्या आठवड्यात नोड आणि मेश या दोन पद्धतींची समीकरणं कशी मांडायची ते पाहिलं. त्यावर बहुतेक विद्यार्थ्यांचा प्रश्न एकच असतो : परीक्षेत समोर सर्किट आलं की यातली कुठली पद्धत धरायची? त्यासाठी आज एकच सर्किट घेऊ आणि त्यालाच वेगवेगळे प्रश्न विचारू. ते सर्किट देवळाली प्रवरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. राहुरी तालुक्याच्या या पट्ट्यात २०११ च्या सुरुवातीपर्यंत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज पुरवत होती, नंतर तो कारभार महावितरणकडे आला. पण डीपीवरून निघणाऱ्या चार तारा त्याच राहिल्या : तीन फेज आणि एक न्यूट्रल.

समजा, गावठाणातल्या एका डीपीपासून पुढे जाणाऱ्या लाईनवर शेवटी तीन घरं आहेत, प्रत्येक घर वेगळ्या फेजवर. आर फेजच्या घरात १० अँपिअरचा भार आहे, वायच्या घरात ५ अँपिअरचा आणि बीच्या घरात फक्त २ अँपिअरचा. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट आहेत. सोपं जावं म्हणून तिन्ही भार शुद्ध रोध धरू, म्हणजे अनुक्रमे २३, ४६ आणि ११५ ओहम.

न्यूट्रल शाबूत असताना इथे कुठलीच पद्धत लागत नाही. न्यूट्रलच्या तारेचा रोध नगण्य धरला तर प्रत्येक घर हे स्वतंत्र सिंगल फेज सर्किट असतं. तिन्ही प्रवाह वेगवेगळे काढायचे आणि फेजरप्रमाणे बेरीज करायची. बेरीज ६.५ वजा जे २.६ येते, म्हणजे न्यूट्रलमधून बरोबर ७ अँपिअर वाहतात. इतक्या सोप्या सर्किटवर मेशची तीन समीकरणं लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. उत्तर बरोबर येतं, वेळ मात्र जातो.

आता वाऱ्यात घरांच्या अलीकडच्या खांबावर न्यूट्रल तुटला. ते ७ अँपिअर परत कुठून जाणार? घरांकडचा न्यूट्रल डीपीच्या न्यूट्रलपासून सुटला, त्याचं व्होल्टेज आता शून्य नाही आणि ते किती हे आपल्याला माहीत नाही. पद्धत ठरवताना हेच पाहायचं असतं : अज्ञात किती?

सर्किटकडे बघा. फांद्या तीन, आणि त्या दोनच ठिकाणी एकत्र येतात : एका टोकाला डीपीचा न्यूट्रल, दुसऱ्या टोकाला घरांचा सुटलेला न्यूट्रल. पहिला संदर्भ म्हणून शून्य धरला की नोड पद्धतीत अज्ञात एकच उरतं. मेश पद्धतीत दोन उरतात, तेही लाईन व्होल्टेज घेऊन, आणि दोन्ही समीकरणं फेजरमध्ये. शिवाय मेशचं उत्तर प्रवाहात येतं. आपल्याला हवं आहे घरातलं व्होल्टेज, म्हणजे पुन्हा वजाबाकी आणि गुणाकार आलाच. इथे नोड पद्धत निर्विवाद पुढे आहे.

समीकरणही छोटं आहे. सुटलेल्या न्यूट्रलचं व्होल्टेज म्हणजे आधीच्या तीन प्रवाहांची फेजर बेरीज भागिले तिन्ही भारांच्या वाहकतेची बेरीज. पुस्तकात याला मिलमनचं प्रमेय म्हणतात, पण ही एका अज्ञात नोडची साधी नोड पद्धतच आहे, वेगळं काही पाठ करायला नको. वरती ६.५ वजा जे २.६, खाली १७ भागिले २३०. उत्तर ८८ वजा जे ३५, म्हणजे न्यूट्रल शून्यावरून जवळजवळ ९५ व्होल्टवर गेला. प्रत्येक फेजच्या व्होल्टेजमधून हे वजा केलं की घरांतली व्होल्टेज मिळतात : आरला १४६, वायला २६१ आणि बीला ३१०.

आकड्यांकडे नीट पाहा. सर्वात कमी वीज वापरणाऱ्या घरात व्होल्टेज सर्वात जास्त चढलं. ज्याच्याकडे एक टीव्ही आणि दोन दिवे, त्याचाच टीव्ही जळतो. जिथे सगळ्यात जास्त भार चालू, तिथे दिवे मिणमिणतात. गल्लीत काही घरी लाईट डिम आणि काही घरी भगभगीत, अशी एकाच वेळी तक्रार आली की वायरमन आधी न्यूट्रल तपासतो, त्यामागचं गणित हे आहे. शेजारच्या मळ्यातला थ्री फेज पंप मात्र निवांत चालू असतो. त्याचे तिन्ही फेज समतोल, त्याला न्यूट्रल लागतच नाही. त्याच्यासाठी एका फेजचं सर्किट सोडवलं की पुरे.

तीन सोर्स दिसले की सुपरपोझिशन लावायचा मोह होतो. इथे ते चालेल, पण एका समीकरणाऐवजी तीन सर्किटं सोडवावी लागतील आणि शेवटी बेरीज वेगळी. सुपरपोझिशन टाळता येत नाही ते सोर्सच्या वारंवारता वेगवेगळ्या असतात तेव्हा, उदाहरणार्थ ५० हर्ट्झवर डीसी चढलेलं असेल तर. दुसरा मोह सममित घटकांचा. 'असमतोल' शब्द दिसला की तिकडे धाव. पण इथे पुरवठा समतोल आहे आणि भारच असमान आहेत. अशा भारात धन, ऋण आणि शून्य क्रम एकमेकांत गुंततात, आणि ज्या सोपेपणासाठी ती पद्धत आहे तोच हरवतो. समान लाईनवर एकाच जागी दोष असेल तिथे तिचं खरं काम.

प्रश्न जरा बदलू. बीच्या घरात आता २३ ओहमचा हिटर लावला तर त्या घराला किती व्होल्टेज मिळेल? आणि फक्त दिवे ठेवले तर? एकच भार बदलतोय, बाकी सर्किट जसंच्या तसं. अशा वेळी थेवेनिन. फ्रेंच तारखात्यातल्या या अभियंत्याने १८८३ मध्ये मांडलेलं प्रमेय आपल्या गल्लीत नेमकं उपयोगी पडतं. बीचा भार काढून टाका. आर आणि वाय यांच्या जोरावर उघड्या टोकांवर ३५१ व्होल्ट दिसतात, आणि आतला रोध २३० भागिले १५, म्हणजे १५.३ ओहम. ११५ ओहमचा जुना भार परत जोडला तर ३१० च यायला हवेत, ते येतात, म्हणजे पडताळाही झाला. हिटरसकट भार १९.२ ओहम होतो आणि व्होल्टेज १९५ वर येतं. एकदा केलेलं काम पुढच्या प्रत्येक भाराला कामी येतं. नोड पद्धतीत मात्र दर वेळी समीकरण नव्याने सोडवावं लागलं असतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. खरे एलईडी दिवे, टीव्ही, मोबाइल चार्जर हे रोधासारखे वागत नाहीत. व्होल्टेज चढलं तर त्यांचा प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही, काहींचा उलट कमी होतो. म्हणून आपले आकडे हा अंदाज आहे. कोणत्या घराला धोका, हे तो दाखवतो, पण नेमका व्होल्ट सांगत नाही. थेवेनिनची तर अटच आहे की काढून ठेवलेल्या भाराशिवाय उरलेलं सर्किट रेषीय असावं.

न्यूट्रल नेहमी पूर्ण तुटतोच असं नाही. बऱ्याचदा गंजलेल्या जोडात रोध वाढत जातो. तेव्हा खालच्या बेरजेत त्या जोडाची वाहकता मिळवायची, बाकी समीकरण तेच. जोड १ ओहमचा असेल तर न्यूट्रल साडेसहा व्होल्टच सरकतो, कुणाला कळतही नाही. १० ओहम झाला की ४० व्होल्ट. तेव्हा तीन घरांत किती किती मिळतील, ते पुढच्या शनिवारपर्यंत काढून ठेवा. बीच्या घरातला आकडा २५० च्या वर गेला तर गणित बरोबर दिशेने चाललं आहे.