बारा क्लिकवरून थंबनेलचा निकाल लागतो का?

समजा, नव्या यूट्यूब चॅनलवर चकलीच्या भाजणीचा व्हिडिओ टाकला. त्याचं थंबनेल 300 वेळा लोकांसमोर आलं आणि त्यावर 12 क्लिक पडले. यूट्यूब स्टुडिओ क्लिक-थ्रू रेट दाखवतो 4 टक्के. मग थंबनेल बदललं, पुढच्या 300 इम्प्रेशनवर 18 क्लिक आले, म्हणजे 6 टक्के. दीडपट वाढ! चॅनलवाला खूश होतो. पण फरक आहे तो अवघ्या सहा क्लिकचा, आणि सहा क्लिक नुसत्या योगायोगानेही इकडचे तिकडे होतात.

योगायोगाचा हा पसारा मोजण्यासाठी संख्याशास्त्रात कॉन्फिडन्स इंटरव्हल असतो. एकच आकडा सांगण्याऐवजी तो एक पट्टा सांगतो. पट्टा काढण्याची पद्धत अशी बेतलेली असते की ती पुन्हापुन्हा वापरली, तर शंभरातल्या साधारण 95 वेळा खरा दर त्या पट्ट्यात सापडावा. क्लिक थोडे असताना एडविन विल्सन यांनी 1927 साली मांडलेली रीत चांगली चालते. शाळेत शिकवतात ते सोपं सूत्र इथे फसतं. एकही क्लिक आला नसेल, तर ते पट्टाच शून्य करून टाकतं, जणू पुढे कधी कोणी क्लिक करणारच नाही!

विल्सनच्या रीतीने पहिल्या थंबनेलचा पट्टा येतो 2.3 ते 6.9 टक्के आणि दुसऱ्याचा 3.8 ते 9.3. दोन्ही एकमेकांवर चढलेत, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण थोडे चढलेले पट्टे असूनही फरक खरा असू शकतो. पट्टा थेट फरकाचाच काढावा. इथे तो उणे 1.5 पासून अधिक 5.5 टक्के-अंकांपर्यंत जातो. म्हणजे नवं थंबनेल खूप सरस असेल, किंवा जुन्याहून थोडं वाईटही असेल. खरा फरक 4 आणि 6 टक्क्यांचाच असेल, तर तो भरवशाने पकडायला प्रत्येक थंबनेलला सुमारे 1,900 इम्प्रेशन लागतात. रोज आकडे बघून मनासारखा फरक दिसताच थांबलात, तर हा हिशेबही कोलमडतो.

छोट्या चॅनलची खरी मेख मात्र वेगळीच आहे. हे गणित प्रत्येक इम्प्रेशन स्वतंत्र आणि एकाच प्रकारच्या प्रेक्षकाचं धरतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी मावशी, मित्र, सबस्क्राइबर क्लिक करतात आणि नंतर होमपेजवरचे अनोळखी लोक नुसतं बघून पुढे सरकतात. थंबनेल तेच राहूनही दर घसरतो, आणि कुठलाही पट्टा ही गोष्ट सांगत नाही. म्हणून तुलना करण्याआधी ट्रॅफिक सोर्सचा तक्ता उघडा आणि एकाच सोर्सचे आकडे समोरासमोर ठेवा.