पदराची सळसळ

लग्नाच्या चित्रफितीत किंवा व्याख्यानाच्या मुद्रणात हमखास ऐकू येते ती रेशमी पदराची खसखस. कॉलर माइक पदराला खेटलेला असतो आणि वक्त्या हात हलवतात तेव्हा कापड त्याच्यावर घासते.

पहिली चूक बहुतेकांची ठरलेली: ‘नॉइज रिडक्शन’ लावणे. ते पंख्याच्या घरघरीवर चालते, कारण ती सतत सारखी असते. सळसळ मात्र दर वेळी वेगळी असते, त्यामुळे ती राहतेच, वर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

त्याऐवजी ऑडॅसिटीत Spectrogram दृश्य उघडावे. माइकला किंवा वायरीला हात लागल्याचा धप्प आवाज तळाशी दिसतो. स्त्रीचा आवाज साधारण १६० हर्ट्झच्या वरच असल्याने High-Pass Filter ८० ते १०० हर्ट्झवर लावला की त्याचा बराचसा भाग जातो. पुरुषी आवाजाला ८० पुरे, नाहीतर भारदस्तपणा हरवतो.

सळसळ वरच्या पट्ट्यात उभ्या, विस्कटलेल्या रेघांसारखी दिसते. दोन शब्दांच्या मध्ये असेल तर काम सोपे: तेवढा तुकडा काढून त्याच खोलीतल्या शांततेचा तुकडा तिथे लावायचा. कोरी शांतता नको; कानाला खड्डा लगेच जाणवतो.

खरी अडचण शब्दाखालच्या सळसळीची. ‘स’ आणि ‘श’ यांची ऊर्जा तिथेच, चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असते. तेवढाच पट्टा निवडून पाच-सहा डेसिबल कमी करावा. जास्त कापले तर वक्त्या बोबड्या वाटू लागतात.