‘तुला योग्य वाटेल तसं कर’

वडिलांची पंच्याहत्तरी तोंडावर आली आहे आणि भावाबहिणीचं व्हॉट्सॲपवर बोलणं चाललंय, असं समजू. ताई विचारते, “हॉल बघितलास का?” भाऊ लिहितो, “अगं घरीच करू, बाबांना गर्दी सोसत नाही.” ताई म्हणते, “मी मावशीला, काकांना सांगून बसलेय.” भाऊ विचारतो, “मला न विचारता?” मग अकरा मिनिटं शांतता. आणि उत्तर येतं : “ठीक आहे. तुला योग्य वाटेल तसं कर.”

शब्दांकडे पाहिलं तर ही परवानगी आहे. भावाने ती तशीच घेतली आणि “ओके, मग घरीच” असं लिहिलं, तर ताई पुढचे चार दिवस फोन उचलणार नाही. आणि “टोमणे मारू नकोस” असं लिहिलं, तर ती म्हणेल, “मी कुठे काय म्हटलं? कर म्हटलं ना?” तेही खरंच. असं वाक्य कधीही नाकबूल करता येतं, त्याची सगळी ताकद त्यातच आहे.

हेच वाक्य समोरासमोर ऐकलं असतं तर आवाजावरून बरंच कळलं असतं. क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विधानं सरळ आणि काही उपरोधाने सांगितली गेली. ऐकणाऱ्यांनी शंभरातली साधारण 73 बरोबर ओळखली. तीच ईमेलवर वाचणाऱ्यांना 56 ओळखता आली, म्हणजे नाणं उडवून काढलेल्या उत्तरापेक्षा थोडीच जास्त. लिहिणाऱ्यांना मात्र आपलं म्हणणं 78 वेळा पोहोचेल असं वाटत होतं. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. रागात असलेला वाचणारा मग स्वतःचा सूर त्यात भरतो.

म्हणून अशा वाक्याचा अर्थ त्या वाक्यात शोधत बसू नये, असं मला वाटतं. आधी त्या माणसाची रोजची लकब आठवावी. ताई एरवी “अरे”, “ना”, “बरं का” असं सैल लिहिते. आज “अरे” गेलं, “ना” गेलं, आणि “ठीक आहे” पुढे पूर्णविराम आला. तो बदल बोलका आहे. तेच वाक्य प्रत्येक ओळीला पूर्णविराम देणाऱ्या निवृत्त शिक्षक काकांकडून आलं असतं, तर त्याचा काही अर्थ लावायचं कारण नव्हतं. मराठीत आणखी एक खूण आहे, आणि ती सहसा खोटी निघत नाही : संबोधन बदलणं. रोज “तू” म्हणणारी बायको एकदम “आपण म्हणाल तसं” लिहिते, तेव्हा तो आदर नसतो; ती दोन पावलं मागे सरकलेली असते.

त्यानंतर जरा वर जाऊन पाहावं की कुठला प्रश्न अनुत्तरित राहिला. “मला न विचारता?” याचं उत्तर ताईने दिलेलंच नाही. आणि तिच्या “सांगून बसलेय” याला भावानेही उत्तर दिलं नव्हतं. हॉल की घर हा वाद तिथेच संपला होता. नातेवाइकांसमोर शब्द खाली पडण्याची धास्ती मात्र तशीच राहिली. “तुला योग्य वाटेल तसं कर” या वाक्याने तिने निर्णय भावाच्या हाती दिला, त्याची जबाबदारीही दिली. संमती तेवढी दिली नाही.

या वागण्याला मिळालेल्या इंग्रजी नावाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. ‘पॅसिव्ह-ॲग्रेसिव्ह’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 मध्ये, अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय लेखनातून पुढे आला. हुकूम उघड मोडता न येणारे सैनिक रुसून, रेंगाळून, काम बिघडवून विरोध करत, त्यांचं ते वर्णन होतं. जिथे ‘नाही’ म्हणायची सोय नसते तिथे ही भाषा जन्मते. सासरच्या ग्रुपवर “तुम्ही ठरवाल ते” लिहिणाऱ्या सुनेकडे कदाचित नकाराचं दुसरं वाक्यच नसतं. तिला कुजकट ठरवण्याआधी, तिने सरळ “मला जमणार नाही” लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे स्वतःला विचारावं.

कधी हे वाक्य खरंच सरळ असतं. माणूस दमलेला असतो किंवा त्याला फरक पडत नसतो. ते पुढच्या संदेशावरून कळतं. खरंच सोडून दिलेला माणूस थोड्या वेळाने “मग जेवणाचं कोण बघतंय?” असं विचारतो. न सोडलेला माणूस त्या विषयावर पुन्हा काहीच लिहीत नाही.

भावाने घाई न करता, अनुत्तरित राहिलेल्या गोष्टीला हात घातला : “ताई, मावशीला सांगून झालंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता त्यांना काय सांगायचं, हीच अडचण आहे ना?”

दोन मिनिटांनी उत्तर आलं. “अरे हो ना, मावशीने तिकीटसुद्धा काढलंय. मी तोंडघशी पडेन.”

मग त्याने फोन लावला.