पळत्या शत्रूवर नेम कुठे धरायचा?

बीजीएमआय खेळणाऱ्या मुलांची एक तक्रार हमखास कानावर येते: ‘नेम बरोबर त्याच्या अंगावर होता, तरी गोळी लागली नाही!’ बहुतेक वेळा मुलगा खोटं बोलत नसतो. नेम अंगावरच असतो आणि म्हणूनच गोळी चुकते.

शूटर गेममध्ये गोळी मोजायच्या दोन पद्धती आहेत. पहिली हिटस्कॅन. चाप ओढताच गेम नेमाच्या दिशेनं एक अदृश्य सरळ रेषा टाकतो आणि रेषेत जे पहिलं येईल त्याला गोळी लागली असं धरतो. गोळी अशी नसतेच, त्यामुळे प्रवासाला वेळही लागत नाही. काउंटर-स्ट्राइकमधल्या बंदुका अशा आहेत. दुसरी पद्धत प्रोजेक्टाइल. इथे गोळी ही गेममधली खरी वस्तू असते. तिला वेग असतो, ती क्षणाक्षणानं पुढे सरकते आणि दर टप्प्यावर ती कशाला धडकली का हे तपासलं जातं. समोर उमटणाऱ्या प्रकाशरेषेवरून मात्र फरक ओळखू नये, कारण हिटस्कॅन बंदुकीलाही ती शोभेसाठी जोडलेली असते. लांबच्या भिंतीवर एक गोळी झाडून पाहावी. खूण त्याच क्षणी उमटली तर हिटस्कॅन, किंचित थांबून उमटली तर प्रोजेक्टाइल.

१९९९ साली आलेल्या ‘क्वेक ३ अरीना’त या दोन्ही पद्धती एकाच खेळाडूच्या हातात असत. रेलगन हिटस्कॅन होती आणि रॉकेट लाँचर प्रोजेक्टाइल. गेममधल्या मापानं रॉकेट सेकंदाला ९०० एकक जाई, तर माणूस ३२० एकक पळे. समजा शत्रू ९०० एकक लांब आहे आणि आपल्यासमोरून आडवा पळतोय. थेट त्याच्यावर सोडलेलं रॉकेट तिथे एका सेकंदानं पोहोचेल. तोवर तो ३२० एकक पुढे गेलेला असेल. त्याच्या शरीराची रुंदी जेमतेम ३० एकक, म्हणजे रॉकेट त्याच्यामागे दहा माणसं मावतील एवढ्या अंतरानं चुकेल.

मग पुढे किती धरायचं? उत्तर सोपं आहे. शत्रू आडवा पळत असेल, तर नेम किती अंशांनी पुढे न्यायचा हे फक्त दोन वेगांच्या गुणोत्तरावर ठरतं. इथे तो कोन सुमारे २१ अंशांचा येतो. शत्रू जवळ असो वा लांब, कोन तोच राहतो, कारण अंतर वाढलं की रॉकेटचा वेळ आणि त्याची धाव दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. तो सरळ आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर पळत असेल, तर नेम बाजूला न्यायची गरजच नाही.

हेच पबजीतल्या कार-९८ रायफलला लावून पाहू. तिची गोळी सेकंदाला ७६० मीटर वेगानं सुटते आणि माणूस साधारण ६ मीटर पळतो. गोळी वाटेत मंदावत नाही असं धरलं, तर १०० मीटरवर नेम सुमारे ८० सेंटिमीटर पुढे हवा आणि ३०० मीटरवर जवळपास अडीच मीटर. स्कोपमधून ही फट दोन्हीकडे सारखीच दिसते, पण लांबचा माणूस बारीक दिसतो. ‘एक अंग पुढे’ असा हिशेब करणाऱ्यांची गोळी लांबवर मागे पडते ती यामुळेच. शिवाय गोळी खालीही येते, म्हणून दूरवर नेम थोडा वर घ्यावा लागतो.

हिटस्कॅनमध्येही एक उशीर लपलेला असतो, इंटरनेटचा. मूळ क्वेक ३ मध्ये या उशिराची भरपाई होत नसे. संदेश पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तेवढ्यात शत्रू ३२ एकक, म्हणजे आपल्या रुंदीएवढा सरके. त्यामुळे रेलगनचा नेमही पुढे धरावा लागे. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर मात्र क्षणभर मागे जाऊन, चाप ओढताना तुम्हाला शत्रू जिथे दिसत होता ती जागा तपासतो.

हा सगळा हिशेब एकाच गृहीतावर उभा आहे: शत्रू दिशा बदलणार नाही. रॉकेट सेकंदभर वाटेत असेल, तर त्याला ते पाहून बाजूला व्हायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून क्वेकचे मुरलेले खेळाडू मोकळ्या मैदानात लांबून रॉकेट वाया घालवत नसत. शत्रूनं उडी मारली की ते वाट पाहत. हवेत त्याला दिशा फारशी बदलता येत नाही, त्यामुळे तो कुठे उतरणार हे आधीच कळतं. रॉकेट त्या जागेच्या जमिनीवर मारलं, की अंगाला थेट लागलं नाही तरी स्फोटाची झळ बसतेच. रायफलीलाही हाच नियम लागू पडतो. वेडावाकडा पळणाऱ्यामागे गोळ्या उधळण्यापेक्षा तो अरुंद दारातून किंवा पुलावरून जाईपर्यंत थांबावं, कारण तिथे त्याला एकच वाट उरते.